वाक्य पूर्ण व्हायच्या आधी

मॅडम, मी इंदूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी मराठी, मित्रांत हिंदी आणि कॉलेजात ग्रुप डिस्कशन इंग्रजीत. मुद्दे सुचतात, डोक्यात वाक्यही तयार होतं, पण ते तोंडातून निघेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मागच्या तीन सरावांत मी एक शब्दही बोललो नाही. पुढच्या सत्रात प्लेसमेंट सुरू होतील. 'आत्मविश्वास ठेव' हे सगळेच सांगतात. रोज नेमकं काय करायचं, ते सांगाल का?

अडचण त्या तयार वाक्यातच आहे. ते पूर्ण व्हायची वाट न बघता तोंड उघडायला शिकायचं, हा या सगळ्या सरावाचा गाभा. बाकी मी जे सांगणार आहे ते त्याच्या आजूबाजूचं. इंदुरात समुपदेशनाचं काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली, त्यातली निम्मी कॉलेजच्या मुलांबरोबर गेली. तुझ्यासारख्या मुलांना बोलायचं नसतं किंवा बोलण्यासारखं काही नसतं, असं मी क्वचितच पाहिलं. ती एका अशा क्षणाची वाट बघत असतात जो चर्चेत कधी येतच नाही.

चारचौघांच्या बोलण्यात एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांच्यामध्ये किती वेळ जातो, हे अभ्यासकांनी मोजलेलं आहे. २००९ साली दहा निरनिराळ्या भाषांमधलं बोलणं तपासलं गेलं, तेव्हा ही फट साधारण एक पंचमांश सेकंदाच्या आसपास निघाली. जेमतेम पापणी लवते तेवढा वेळ. आणि एक साधं वाक्य मनात जुळवून ओठांवर आणायला सेकंद-दीड सेकंद तरी लागतो. आता तूच हिशेब कर. चर्चेत सहज बोलणाऱ्यांकडेही त्या फटीत अख्खं वाक्य नसतंच. समोरचा बोलत असतानाच त्यांना एखादा शब्द, एखादी दिशा सापडते, तेवढ्यावर ते सुरू करतात आणि उरलेलं बोलता बोलता जुळतं. तू आधी वाक्य जुळवतोस, मग त्याचं इंग्रजी तपासतोस, मग ते बावळटपणाचं तर वाटणार नाही ना हे बघतोस. तेवढ्यात तशा दहा फटी येऊन गेलेल्या असतात.

वाक्य घोटत बसण्याचा दुसरा तोटा लवकर लक्षात येत नाही. १९७३ साली माल्कम ब्रेनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. लोकांना पाळीपाळीने शब्द वाचायला लावले आणि नंतर कुणाला काय आठवतं ते विचारलं. आपली पाळी येण्याच्या अगदी आधी जे वाचलं गेलं, नेमकं तेच लोकांच्या लक्षात राहिलं नाही. म्हणजे ज्याच्या बोलण्याला जोडून तुला बोलायचंय, त्याचंच बोलणं तुझ्या कानावरून जातं. मग कधी धीर करून बोललास तरी तो मुद्दा अधांतरी पडतो, कुणी उचलत नाही, आणि 'माझं कोणी ऐकत नाही' याला आयता पुरावा मिळतो.

म्हणून पहिला आठवडा बोलायचंच नाही. ऐकायचं आणि मोजायचं. कॉलेजातला सराव असो, कँटीनमधली टेबलावरची चर्चा असो, वहीच्या मागच्या पानावर रेघा मार: कोण कितीदा बोललं, पहिल्यांदा बोलायला त्याने काय शब्द वापरला, आणि वाक्य अर्धवट सोडलं किती वेळा. ही शेवटची रेघ मी मुद्दाम मारायला लावते. वर्गात सगळ्यात चांगलं बोलतो असं तू ज्याला समजतोस, त्याचीही तीन-चार वाक्यं अर्धवट सुटलेली असतील आणि ती कुणाच्या लक्षातही आली नसतील. शिवाय एक साधा भागाकार करून बघ. प्लेसमेंटच्या चर्चेत साधारण आठ-दहा मुलं असतात आणि वेळ दहा-पंधरा मिनिटं. दहा जण आणि बारा मिनिटं धरली तर तुझ्या वाट्याला सव्वा मिनिटही येत नाही. वीस-वीस सेकंदांचे तीन तुकडे, एवढंच तुला बोलायचं आहे. तू डोक्यात जे घेऊन बसतोस ते भाषण असतं. त्याला तिथे जागाच नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून आवाज बाहेर काढायचा, पण चर्चेत नाही. पोह्याच्या गाडीवर.

हसू नकोस. सकाळी आठला आपल्या कुठल्याही चौकातली पोह्याची गाडी आठव. रांग नसते. पाच-सात माणसं कोंडाळं करून उभी, गाडीवाल्या भियाचे दोन्ही हात चालू, आणि ज्याचा आवाज त्याच्या कानावर पडेल त्याची प्लेट आधी. तुझ्यासारखी मुलं तिथे काय करतात ते मी स्वतः उभं राहून पाहिलंय. ती भियाची नजर आपल्याकडे वळायची वाट बघतात. मागून आलेले दोघं खाऊन निघून जातात आणि ही तिथेच. ग्रुप डिस्कशनची सगळी हाडं या प्रसंगात आहेत: पाळी कुणी देत नाही, गलका आहे, फट छोटी आहे आणि आवाज दुसऱ्याच्या खांद्यावरून टाकावा लागतो. फरक इतकाच की इथे हरलास तर पोहे पाच मिनिटं उशिरा मिळतात.

तर दुसऱ्या ओळीत उभं राहायचं, नजरानजर व्हायची वाट बघायची नाही, आणि 'भिया, दो पोहे, सेव ज्यादा, एक जलेबी' एका श्वासात टाकायचं. निघण्याआधी मोबाइलवर लिहून ठेवायचं की काय होईल असं वाटतंय आणि किती टक्के खात्री आहे. उदाहरणार्थ, 'तो ऐकणार नाही, लोक वळून बघतील, ८० टक्के'. परत आल्यावर खाली लिहायचं की खरंच काय झालं. सलग पाच सकाळी. तिसऱ्या दिवसापासून ऑर्डर दिल्यावर ती बदलायची: 'एक में प्याज मत डालना'. स्वतःचंच बोलणं चारचौघांत दुरुस्त करणं लाजऱ्या माणसाला फार जड जातं, आणि चर्चेत तेच सतत लागतं. आधी लिहिलेला अंदाज आणि नंतरची हकीकत यांतली तफावत हेच इथलं औषध आहे. नुसतं जाऊन पोहे खाऊन आलास आणि लिहिलं नाहीस, तर मन म्हणतं, आज नशीब बरं होतं.

याच आठवड्यात घरी खोलीचं दार लावून एक कसरत करायची. मी तिला कडी पकडणं म्हणते. टीव्हीवरची किंवा मोबाइलवरची कुठलीही वादचर्चा लाव आणि मधेच, कुठेही, थांबवण्याचं बटण दाब. एका सेकंदाच्या आत मोठ्याने सुरू करायचं, आणि सुरुवात बोलणाऱ्याच्या शेवटच्या महत्त्वाच्या शब्दाने करायची. तो म्हणाला, 'त्यामुळे शेतकऱ्याचा खर्च वाढतो', तर तू: 'खर्चाचं म्हणाल तर…' आणि पुढे जे येईल ते. वाक्य भलतीकडे गेलं तरी चालेल, अर्ध्यात सुटलं तरी चालेल, पण सुरुवात सेकंदाच्या आत झाली पाहिजे. रोज दहा मिनिटांत वीस वेळा होतं. पहिले दोन दिवस घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटेल. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात येतं की 'खर्चाचं म्हणाल तर' एवढं तोंडातून निघेपर्यंत पुढचं सुचलेलं असतं. तो दीड सेकंद तुला मनात काढावा लागत नाही, कडीचे शब्द तो काढून देतात. आणि शेवटचा शब्द पकडायचा म्हटल्यावर ऐकावंच लागतं.

तिसऱ्या आठवड्यापासून माणसं. फक्त तीन. तू आणि आणखी दोघं, ज्यांच्यासमोर तू एरवी बोलतोस असे, आणि भाषा मराठी किंवा हिंदी. इथे बहुतेक जण चूक करतात आणि थेट इंग्रजीत उतरतात. भीती आणि परकी भाषा ही दोन वेगळी ओझी आहेत. दोन्ही एकदम उचललीस तर कोणतं जड झालं तेच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आधी माणसं वाढव, मग अनोळखी माणसं, आणि भाषा सगळ्यात शेवटी.

विषय असा हवा ज्यावर इंदूरच्या माणसाला मत असतंच. मी नेहमी सराफा देते: दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि रात्री खाऊगल्ली, तर ती खाऊगल्ली तिथेच राहू द्यावी की हलवावी? आठ मिनिटांचा गजर लावायचा. तुझं काम पहिल्या दिवशी एकच, एक प्रश्न विचारणं. मत नाही, प्रश्न. दोघांपैकी एक म्हणेल, 'एवढ्याशा गल्लीत गॅसच्या टाक्या ठेवतात, उद्या आग लागली तर?' तू: 'टाक्यांचं म्हणतोस, पण मग दुसरीकडे नेल्या तर तिथे नाही का लागणार?' प्रश्न सगळ्यात सोपा, कारण तो तीन-चार सेकंदांत संपतो आणि लगेच सगळ्यांच्या नजरा उत्तर देणाऱ्याकडे वळतात. एकदा प्रश्न बसला की दुसऱ्याच्या मुद्द्याला पुस्ती: 'टाक्यांबद्दल तो म्हणाला ते खरं, आमच्या गल्लीतही तसंच…' मग स्वतःचा मुद्दा. आणि सगळ्यात शेवटी असहमती, कारण ती लाजऱ्या माणसाच्या जिवावर येते. ही पायरी उलटी केली की काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला मी थेट वक्तृत्व स्पर्धेत उतरवलं होतं, 'एकदा पाण्यात पडलं की पोहता येतं' म्हणून. तिने पाठ केलेलं भाषण तोंडावर फेकल्यासारखं म्हटलं, बक्षीसही मिळालं, आणि वर्गात ती पुढची दोन वर्षं गप्पच राहिली. भाषण आणि चर्चा यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे मला तिच्यामुळे कळलं. भाषणात फट शोधावी लागत नाही.

आता एका मुलाची वही दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कॉमर्सचा, दुसऱ्या वर्षाचा, भंवरकुआंजवळ खोली घेऊन राहणारा. पहिल्या आठवड्यात चार चर्चांत त्याचा आकडा शून्य. तिघांच्या गटातल्या पहिल्या दिवसाची नोंद अशी होती: 'अंदाज: प्रश्न विचारला की दोघं गप्प होतील, उत्तर कोणी देणार नाही, ७० टक्के. झालं: सहाव्या मिनिटाला विचारला, दोघं एकदम उत्तर द्यायला लागले, मिनिटभर चाललं. छातीत धडधड ८५.' हा धडधडीचा आकडा शंभरपैकी, त्याच्या मनाने. दुसऱ्या दिवशी प्रश्न चौथ्या मिनिटाला. पाचव्या दिवशी दोन प्रश्न आणि एक पुस्ती. पुढच्या आठवड्यात गट सहाचा केला, त्यांतले दोघं अनोळखी, तेव्हा पहिलं बोलणं पुन्हा सातव्या मिनिटावर गेलं. त्याला वाटलं सगळं वाया गेलं. तसं नसतं. गट बदलला की आकडा मागे जातोच, फक्त दुसऱ्यांदा तो लवकर परत येतो. त्याचा चार दिवसांत आला.

सहाव्या आठवड्यात मोडता पडला. तो बोलत असताना एकाने मधेच तोडलं, हा थांबला, आणि नंतर दहा दिवस माझ्याकडे आला नाही. तोडलं जाणं येणारच होतं आणि त्याची तयारी मी आधी करून घ्यायला हवी होती. ती माझी चूक. म्हणून तुला आत्ताच सांगते. दोघं एकदम बोलायला लागले की सहसा दोन-तीन शब्दांत एक जण गप्प होतो. तो नेहमी तूच असण्याचं कारण नाही. तेव्हा आवाज चढवायचा नाही, वेगही वाढवायचा नाही, आपले पहिले शब्द त्याच आवाजात पुन्हा म्हणायचे: 'माझं म्हणणं, माझं म्हणणं असं की…' बहुतेक वेळा समोरचा सोडतो. नाही सोडलं तर त्याला बोलू दे, पण तुझी पाळी गेली असं धरू नकोस. त्याचं संपताच 'मघाशी मी सांगत होतो' एवढ्यावर परत शिरता येतं, आणि ही जागा जवळपास हक्काची असते, कारण तू तुटलास हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आम्ही नंतर गटातल्या दोघांना गुपचूप सांगून ठेवलं की याला रोज दोनदा तोडा. आठवडाभरात त्याला तोडणाऱ्याचं हसू यायला लागलं. नवव्या आठवड्याच्या शेवटी वहीत असं होतं: 'आठ जण, इंग्रजी. पहिलं बोलणं ८० सेकंदांत. एकूण चार वेळा. एकदा तुटलो, परत शिरलो. धडधड ६०.'

तो शेवटचा आकडा नीट बघ. साठ. शून्य झालेला नाही. मुलं मला विचारतात की भीती गेल्यावर किती दिवसांनी बोलायला लागायचं. भीती उतरते, पण बोलण्याच्या मागून, आणि फार सावकाश. म्हणून सुधारणा धडधडीवर मोजायची नाही. दोनच आकडे बघायचे: पहिलं बोलणं कितव्या मिनिटाला, आणि एकूण किती वेळा. हे दोन पुढे सरकत असतील तर छातीला तिच्या गतीने येऊ दे.

आता तू नकळत जे आधार घेतोस त्यांच्याबद्दल. हातात पेन घट्ट धरणं, कागदावरून मुद्दा वाचणं, पुटपुटत बोलणं, भराभर बोलून मोकळं होणं, टेबलाच्या टोकाला बसणं, दुसरा बोलत असताना स्वतःचा चेहरा कसा दिसत असेल हे मनातल्या मनात बघत राहणं. हे सगळं आपण फजिती टाळायला करतो. १९९५ साली डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोघांनी सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिचा रोख यावरच आहे: हेच आधार भीतीला जिवंत ठेवतात. पुटपुटतोस म्हणून लोक 'काय?' म्हणतात, आणि तुला वाटतं मुद्दाच फालतू होता. खाली बघतोस म्हणून कुणी मान डोलावलेली तुला दिसतच नाही.

मी सांगते म्हणून यावर विश्वास ठेवू नकोस, करून बघ. एकाच संध्याकाळी, त्याच मित्रांबरोबर, पाच-पाच मिनिटांच्या दोन चर्चा. पहिल्या चर्चेत तुझे सगळे आधार मुद्दाम, पुरेपूर वापर: पेन, कागद, पुटपुटणं, आणि सगळं लक्ष स्वतःवर. दुसऱ्या चर्चेत हात रिकामे, कागद नाही, लक्ष फक्त बोलणाऱ्याच्या शब्दांवर, मधे मधे त्याच्या शर्टाचा रंग, खिडकीतला आवाज. प्रत्येकीनंतर तीन आकडे लिही: किती घाबरलो, कसा दिसलो असेन, कसं बोललो असेन. मित्रांनाही शेवटचे दोन आकडे वेगळ्या कागदावर लिहायला सांग. बहुतेकांना धक्का बसतो तो पहिल्या आकड्याचा. ज्या चर्चेत स्वतःला जपलं, तिच्यातच भीती जास्त निघते.

यातल्या एखाद्या चर्चेचं मोबाइलवर चित्रीकरण कर, पण लगेच बघू नकोस. आधी लिही: 'माझे कान लाल दिसतील, हात थरथरताना दिसतील, मी तीन-चार सेकंद अडखळलेलो असेन.' मग अनोळखी मुलाचा व्हिडिओ बघतोयस असं धरून बघ आणि घड्याळाने मोज. जो खंड तुला आतून पाच सेकंदांचा वाटला होता तो बाहेरून अनेकदा सेकंदभराचा निघतो. आपल्या आतली घालमेल इतरांना दिसते तितकी नसते. अमेरिकेत थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक गमतीचा प्रयोग छापला होता: विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचं. घालणाऱ्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच आला होता. तिथे लक्ष वेधण्यासाठीच घातलेला टीशर्ट होता. तुझा लाल कान त्यापुढे काहीच नाही.

प्रत्यक्ष मोठ्या गटात शिरताना शरीराचाही उपयोग होतो. बोलण्याआधी माणूस श्वास आत घेतो, आणि तो श्वास ऐकू येतो. बाकीचे न कळत त्याची दखल घेतात. मागे रेलून बसलेला माणूस बोलणार आहे असं कुणालाच वाटत नाही. म्हणून थोडं पुढे झुकणं, तळहात टेबलावर उघडा, श्वास जरा ऐकू येईल असा, आणि समोरच्याचं वाक्य उतरणीला लागलं की कडी. त्याच्या पूर्णविरामाची वाट बघायची नाही. शेवटच्या शब्दावर आपला पहिला शब्द थोडासा चढला तर ते उद्धटपणाचं नसतं, रोजच्या बोलण्यात ते सतत होतं. आपल्या घरांतून 'मोठ्यांच्या मधे बोलू नये' हे इतकं मुरलेलं असतं की मराठी मुलांना हे शिकवायला मला जास्त वेळ लागतो. आजीसमोर तो नियम पाळच. चर्चेत बसलेली आठ मुलं तुझ्या वयाची आहेत.

इंग्रजी सातव्या-आठव्या आठवड्यात आण, आणि तिथेही अख्खी वाक्यं पाठ करू नकोस. चार-पाच कड्या तेवढ्या जिभेवर बसव: 'ऑन दॅट पॉइंट', 'जस्ट टू ॲड', 'कॅन आय आस्क', 'आय सी इट डिफरन्टली'. याच कड्या लावून वादचर्चेची तीच कसरत आता इंग्रजी बातम्यांवर कर. पुढचं व्याकरण मोडकं आलं तर येऊ दे.

एक गोष्ट रात्रीची. चर्चा झाल्यावर अंथरुणात पडून तू ती पुन्हा पुन्हा चालवतोस का? बहुतेक जण चालवतात, आणि प्रत्येक फेरीत आपण जास्त बावळट दिसत जातो. त्यावर उपाय म्हणजे चर्चेनंतर अर्ध्या तासात वही लिहून टाकायची, फार तर दहा ओळी: अंदाज, झालं ते, दोन आकडे. रात्री मन पुन्हा सुरू झालं की 'वहीत आहे' एवढंच त्याला सांगायचं. नवं काही सुचलं तर सकाळी लिहायचं. सकाळी ते सहसा लिहिण्यासारखं वाटत नाही.

हे सगळं साधारण नऊ-दहा आठवड्यांचं आहे, आठवड्यात चार-पाच दिवस धरून. मात्र काही गोष्टी असतील तर एकट्याने हे करू नकोस. सहा महिने किंवा जास्त काळ तू हजेरी घेतात म्हणून वर्ग बुडवत असशील, कँटीनमध्ये लोकांसमोर खाता येत नसेल, फोन उचलता येत नसेल, किंवा सरावाआधी प्यायची सवय लागली असेल, तर हा निव्वळ लाजाळूपणा नाही. त्याला सामाजिक भीतीचा विकार म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसशास्त्रज्ञाबरोबर हीच शिडी जास्त बारीक पायऱ्यांची करून चढता येते. कुठे जावं कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे हिंदीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हॉस्टेलमध्ये कुणीतरी 'इंटरव्ह्यूच्या आधी ही गोळी घे, हात थरथरत नाहीत' म्हणून देतो, ती घेऊ नकोस. त्या गोळ्या नाडी मंदावतात, दमा असलेल्याला त्या धोक्याच्या ठरू शकतात, आणि द्यायच्या की नाही हे डॉक्टरने ठरवायचं. आणि ठरावीक अक्षरांवर शब्द अडकत असेल, अगदी घरी आईशी बोलतानाही, तर ते तोतरेपण आहे, लाज नाही. त्यासाठी वाचा-उपचार करणाऱ्यांकडे जायचं. त्यांचा मार्ग वेगळा असतो.

प्लेसमेंटच्या दिवशी वीस मिनिटं आधी पोच आणि बाहेर थांबलेल्यांपैकी दोघांशी बोल. काहीही, कुठल्या कॉलेजचा, यादीत नाव कितवं. याने दोन कामं होतात. तुझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चर्चेत निघत नाही, आणि आत गेल्यावर आठपैकी दोन चेहरे ओळखीचे असतात. विषय दिला की पहिलं कोण बोलतं या शर्यतीत पडू नकोस, ती जिंकणारे अनेकदा विषय न कळता सुरू होतात. पहिल्या दोघांचं ऐक, दुसऱ्याचा शेवटचा शब्द पकड, आणि दीड मिनिटाच्या आत एक प्रश्न टाक.

ऐकण्या-मोजण्याचा पहिला आठवडा झाला की सोमवारी सकाळी पोह्यापासून बोलायला सुरू कर, आणि अंदाज घरातून निघतानाच लिही. गाडीसमोर उभं राहून लिहायला घेतलंस, तर भिया पुन्हा दुसऱ्यालाच प्लेट देईल.